कंत्राटदार गेला, दार मात्र उघडंच! अलाउलिस्टमधली एक विसरलेली नोंद काय सांगते?

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत रात्रपाळीचा इंजिनीअर सर्व्हरच्या फायरवॉलचे नियम तपासतोय. गोष्ट काल्पनिक आहे, पण अशी नोंद कोणत्याही जुन्या सर्व्हरवर सापडू शकते. त्याला ही ओळ दिसते:

```
14  312  18720  ACCEPT  tcp  203.0.113.47  dpt:22  /* temp vendor WFH */
```

अर्थ सोपा आहे. या एका आयपी पत्त्यावरून कुणीही आलं, तर सर्व्हरच्या २२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत, म्हणजे रिमोट लॉगिनच्या दारापर्यंत त्याला येऊ द्यायचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करणाऱ्या कंत्राटदारासाठी केलेली ही 'तात्पुरती' सोय. त्याचं कंत्राट संपलं, खातं बंद झालं. नोंद तशीच राहिली.

आकडे काय सांगतात?

३१२ पॅकेट, १८,७२० बाइट. भागाकार केला की प्रत्येकी ६० बाइट. सुरू असलेल्या कनेक्शनची ये-जा इथे वरच्याच एका नियमातून होते. त्यामुळे या ओळीवर फक्त दार ठोठावणारं पहिलं पॅकेट मोजलं जातं. म्हणजे ही मोजणी सुरू झाल्यापासून ३१२ वेळा कुणीतरी दार ठोठावलंय.

लॉगिनच्या नोंदींमध्ये `root`, `admin`, `ubuntu` अशी नावं ओळीने आजमावलेली दिसतात. ओळखीचा माणूस स्वतःचं नाव टाकेल. हे पासवर्डचा अंदाज घेणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचं काम वाटतं.

मग तो कंत्राटदार दोषी?

बहुधा नाही. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता सहसा कायमचा नसतो. राउटर बंद-चालू झाला की तो बदलू शकतो आणि जुना पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. अनेक कंपन्या तर एकच पत्ता कित्येक घरांना वाटून देतात. त्यातल्या एखाद्या घरातल्या कॅमेऱ्यात व्हायरस शिरला असेल, तरी हे घडू शकतं.

नोंद काढली की संपलं?

नाही. नियम काढला तरी आधीच जोडलेलं कनेक्शन तुटत नाही. त्यामुळे इंजिनीअर नोंद जपून ठेवतो, नियम काढतो आणि मग `ss -tn` देऊन त्या पत्त्याचं कुणी आत आहे का ते पाहतो. यशस्वी लॉगिनच्या नोंदी आणि `authorized_keys` फाइलमधल्या जुन्या चाव्याही तपासतो. कुणी आत आलेलं नाही.

खरी चूक रचनेत आहे. माणूस गेल्यावर एचआर त्याचं खातं बंद करतं, पण फायरवॉलला माणूस माहीत नसतो, फक्त पत्ता माहीत असतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत मागणाऱ्याचं नाव आणि संपण्याची तारीख हवी. तारीख उलटली की नोंद आपोआप निघावी. मुदतवाढ हवी असेल, तर ती कुणीतरी पुन्हा मागावी. 'तात्पुरतं' या शब्दापुढे तारीख नसेल, तर ते कायमचंच समजावं.