अंकीय हस्तलिखितसंग्रहाची परीक्षा : सूची हाच आधार

हस्तलिखिते व दुर्मिळ नियतकालिके यांच्या अंकीय प्रतींचे मोठे संग्रह आता विभागाविभागांतून साठले आहेत. या संग्रहांचा अहवाल देताना ‘इतकी पाने चित्रित झाली’ एवढी संख्या पुरेशी मानली जाते. ही संख्या संग्रहाच्या शाबूतपणाविषयी काहीच सांगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी प्रत्येक प्रतिमेमागे एक ओळ असलेली सीएसव्ही सूची हवी. तिचे स्तंभ पुढीलप्रमाणे असावेत :

```
path,bytes,width,height,sha256,mtime,error
```

पायथन भाषेतील छोट्या आज्ञावलीने ही सूची तयार होते. फाइलचा आकार व बदलाची वेळ `os.stat` देते, हॅश `hashlib` देते आणि लांबी-रुंदी पिलो या ग्रंथालयातून मिळते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. `Image.open()` फाइलचा केवळ मथळा वाचते. त्यामुळे अर्धवट नक्कल झालेल्या जेपेग फाइलचीही लांबी-रुंदी बिनचूक नोंदली जाते, आणि पानाचा खालचा भाग नाहीसा झाल्याचे सूचीत दिसत नाही. त्यापुढे `load()` ही आज्ञा देऊन संपूर्ण चित्र उलगडावे आणि दोष आढळल्यास तो शेवटच्या स्तंभात लिहावा.

स्तंभ एकमेकांची साक्षही तपासतात. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात चित्रित केले, तर ते सुमारे २४८० × ३५०८ बिंदूंचे होते. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास २,६०,९९,५२० बाइट होतात. संक्षेप न केलेली रंगीत टिफ फाइल याहून थोडी मोठीच असली पाहिजे. सूचीत तिचा आकार १ कोटी ७० लाख बाइट दिसला, तर ती फाइल अपुरी तरी आहे किंवा कोणीतरी तिचा संक्षेप केला आहे. अशा ४० हजार पानांचा संग्रह सुमारे एक टेराबाइटचा होतो. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या तबकडीवर नुसत्या वाचनास सुमारे तीन तास लागतात. हा खर्च फार नाही.

खरे मोल मात्र दोन सूचींच्या तुलनेत आहे. पहिली सूची संग्रह हाती येताच करावी आणि दुसरी वर्षभराने. हॅश तोच असून वेळ बदलली असेल, तर आशय अबाधित आहे. लिनक्सवर `-p` न देता `cp` ने केलेली नक्कलही नवी वेळ धारण करते. हॅश आणि वेळ दोन्ही बदलली असतील, तर कोणीतरी फाइल पुन्हा जतन केली असावी. त्याची चौकशी करावी. परंतु आकार व वेळ तीच राहून हॅश तेवढा बदलला, तर ती सर्वांत गंभीर खूण होय. माणसाने हात न लावता साठवणीत काही बाइट बिघडल्याचा संशय तेथे घ्यावा आणि ती फाइल जुन्या हॅशशी जुळणाऱ्या दुसऱ्या नकलेवरून पूर्ववत करावी. केवळ तारखांवर विसंबणाऱ्या परीक्षकास ही ओळ कधीच दिसणार नाही.

ही तुलना फाइलच्या नावावर बेतणे मराठीत विशेष धोक्याचे आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांस नाव एकच दिसते. संगणकास ती दोन नावे वाटतात, आणि एक फाइल हरवली व दुसरी नवी आली असा भास होतो. जुळणी प्रथम हॅशने करावी; नावे नंतर पाहावीत. एक्सेलमध्ये देवनागरी नावे विस्कटू नयेत म्हणून सूची `utf-8-sig` या संकेतात लिहावी.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. हॅश दोन फाइली बाइटशः एक आहेत की नाहीत एवढेच सांगतो. फाइलमध्ये शीर्षकाची नोंद घातली, तरी तो बदलतो, जरी पानावरचे अक्षरही हललेले नसते. म्हणून वर्णनात्मक नोंदी फाइलबाहेर ठेवाव्यात. एकाच पोथीपानाची दोनदा घेतलेली छायाचित्रे त्यास सर्वस्वी भिन्न वाटतात. मूळ पोथीतले एखादे पान चित्रित करायचेच राहिले असेल, तर सूचीला त्याचा पत्ता नसतो. तेथे पत्रसंख्या ताडून पाहणारा अभ्यासकच हवा.

सूची त्याच तबकडीवर ठेवल्यास तबकडीबरोबर साक्षही नष्ट होते. ४० हजार ओळींची ही फाइल काही मेगाबाइटांचीच असते. तिची एक प्रत अन्यत्र ठेवण्यास कोणतीही अडचण नाही. संशोधनप्रकल्पाच्या अंतिम अहवालास ती परिशिष्ट म्हणून जोडणे बंधनकारक करावे, असे आम्हांस वाटते.