बेचाळिसावा बार

मोझार्टची सी मेजरमधली छोटी सोनाटा, क्रमांक के. ५४५, आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने शिकवलेली आहे. २६ जून १७८८ ही तारीख मोझार्टने स्वतःच्या यादीत या रचनेपुढे घातली आणि ती नवशिक्यांसाठी असल्याचेही तिथेच नोंदवले. छापून मात्र ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०५ मध्ये आली. बोटांच्या दृष्टीने ती नवशिक्यांची असेलही, पण तिच्या पहिल्या भागाचे विश्लेषण नवशिक्यांना सोपे जात नाही. एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट आणि रिकॅपिच्युलेशन कुठे सुरू होतात ते पेन्सिलीने दाखवा, असे सांगितले की पहिल्या दोन खुणा बहुतेक जण बरोबर करतात. तिसरी खूण काही जण ४२व्या बारवर करतात, काही ५९व्यावर. या अंकात त्या दोन खुणांमधल्या सतरा बारांबद्दलच लिहायचे आहे.

आधी सोपा भाग उरकू. हा पहिला भाग एकूण ७३ बारांचा आहे. २८व्या बारच्या शेवटी पुनरावृत्तीची दुहेरी रेघ आहे, तिथे एक्स्पोझिशन संपते आणि २९व्या बारपासून डेव्हलपमेंट लागते. ही रेघ पाहून उत्तर लिहिण्याची सवय मात्र विद्यार्थ्याला लागू देऊ नये. बेटोव्हेनच्या ‘अपासिओनाटा’च्या पहिल्या भागात एक्स्पोझिशनची पुनरावृत्तीच नाही, म्हणजे मदतीला अशी रेघही नाही. रेघ झाकून, नुसत्या कानाने २८वा बार सापडला पाहिजे.

कोल्हापुरातला विद्यार्थी इथे अडखळतो, आणि त्याचे कारण त्याच्या आधीच्या शिक्षणात आहे. आपल्याकडे येणारी बरीच मुले हार्मोनियमवरून कीबोर्डकडे वळलेली असतात. अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि गोविंदराव टेंब्यांच्या या गावात तानपुऱ्याचा षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, हे मुलाच्या कानात मुरलेले असते. मग ते सोनाटाही तशीच ऐकते. सुरुवातीला त्याने पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरला. पहिल्या चार बारांत एकही काळी पट्टी लागत नाही, सारे शुद्ध स्वर. चौदाव्या बारपासून दुसरी धून सुरू होते आणि एफ शार्प येऊ लागतो. सी हा सा धरून बसलेल्या कानाला तो तीव्र मध्यम वाटतो. बाकी स्वर शुद्धच असल्याने त्याच्या लेखी हा कल्याण थाट झाला. म्हणजे स्वर बदलला, पण सा जागेवर राहिला. प्रत्यक्षात सा हलून पांढरी पाचवर, जीवर, गेलेला असतो आणि तो एफ शार्प आता जीचा शुद्ध निषाद असतो.

हे तोंडी समजावून फारसे पटत नाही. २५व्या बारमध्ये उजव्या हाताला एक लांब ट्रिल आहे, तिथे विद्यार्थ्याला थांबवावे आणि पुढचा विसाव्याचा सूर गायला सांगावा. तो जी गातो, सी गातच नाही. आपण गायलेल्या सुराखाली त्याने डाव्या हाताने जीचा कॉर्ड दाबला की घर बदलल्याचे त्याला स्वतःलाच कळते. त्या विसाव्यानंतरचे तीन बार म्हणजे नुसते दार लावून घेणे. मग रेघ असो वा नसो, एक्स्पोझिशन संपल्याचे ऐकू येते: दोन धुना मांडून झाल्या, सूर मूळ घरातून पंचमाच्या घरात गेला आणि तिथे पक्का विसावला.

डेव्हलपमेंट इथे फक्त तेरा बारांची आहे. २९व्या बारमध्ये नवीन काही येत नाही. नुकतीच ऐकलेली २६व्या बारची शेवटची तान तिथे पुन्हा येते, फक्त मायनर होऊन. ‘डेव्हलपमेंटमध्ये मुख्य धून फुलवली जाते’ असे विद्यार्थी पाठ करून येतात, पण इथे मुख्य धून दिसतही नाही. त्याऐवजी एकाच वेळी कोणत्या काळ्या पट्ट्या येतात ते पाहायला सांगावे. एफ शार्प आणि बी फ्लॅट एकाच ठिकाणी आले तर जी मायनर. पुढे सी शार्प आणि बी फ्लॅट जोडीने आले तर डी मायनर. त्यापुढे जी शार्प दिसला की ए मायनरकडे कल. सा कुठेच चार-पाच बारांपेक्षा जास्त टिकत नाही आणि कुठेही पक्का विसावा नाही. धुनेचे काय केले आहे यापेक्षा ही अस्थिरताच डेव्हलपमेंटची खरी ओळख आहे.

आता ४२वा बार. इथे पहिली धून सुरुवातीच्या डौलाने, त्याच चालीत परत येते. फक्त ती सीवर नसते, पांढरी चारवर, एफवर असते. ज्याने धून शोधली तो म्हणतो, ‘रिकॅपिच्युलेशन इथे.’ ज्याने घर शोधले तो म्हणतो, ‘अजून नाही’, आणि ५९व्या बारची वाट पाहतो. तिथे दुसरी धून सीमध्ये येते आणि मूळ सा खऱ्या अर्थाने घरी पोहोचतो. हा दुसरा विद्यार्थी मूर्ख नाही, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावे. अठराव्या शतकातले सिद्धान्तकारही अशा रचनेकडे प्रामुख्याने सुरांच्या प्रवासाच्या अंगानेच पाहत. हाइन्रिख कोखच्या १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात या रचनेचे वर्णन दोन मोठ्या भागांचे आहे. तीन भागांची नावे पक्की झाली ती नंतरच्या शतकात.

तरीही आमचे मत ४२व्या बारच्या बाजूचे आहे, आणि केवळ धून परत आली हे त्यामागचे कारण नाही. धून परत येऊन फसवूही शकते. बेटोव्हेनच्या ऑपस १० मधल्या दुसऱ्या, एफ मेजर सोनाटात पहिली धून डी मेजरमध्ये परतते, थोडी पुढे जाते आणि मग घसरून एफमध्ये येते. तिथल्या डी मेजरला अनेक जण खोटे रिकॅपिच्युलेशन म्हणतात. मग ४२व्या बारला खोटे का म्हणायचे नाही? याचे उत्तर ४२व्या बारमध्ये मिळत नाही, ते त्याच्या पुढे मिळते.

विद्यार्थ्याला कागदावर दोन आडव्या ओळी आखायला सांगा. वरच्या ओळीत १ ते २८ बार लिहायचे आणि खालच्या ओळीत ४२ ते ७३, आणि प्रत्येकाखाली त्याचा जोडीदार लावत जायचे. १ ते ४ च्या खाली ४२ ते ४५ बसतात, तीच चाल, फक्त घर वेगळे. पाचव्या बारपासून उजव्या हाताला सरकत्या सरगमी आहेत, त्यांच्या जोड्याही मिळतात. मग चार बार असे येतात की त्यांना वर जोडीदार नाही. तिथे सरगमी डाव्या हाताकडे दिल्या आहेत. त्या संपल्या की जोड्या पुन्हा जुळतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत: १४ च्या खाली ५९, २६ च्या खाली ७१, २८ च्या खाली ७३. सुरुवातीला दोन ओळींतले अंतर ४१ बारांचे होते, शेवटी ४५ झाले. म्हणजे ४२व्या बारपासून एक्स्पोझिशनची सगळी कथा त्याच क्रमाने पुन्हा सांगितली जाते आणि मध्ये फक्त चार बारांची भर पडते. बेटोव्हेनच्या डी मेजरनंतर धुनेला पुन्हा घर शोधावे लागते. इथे तशी वेळच येत नाही, पूल नेहमीच्या जागी आहे आणि त्यापलीकडे दुसरी धूनही. खोटे आणि खरे रिकॅपिच्युलेशन वेगळे करायला ही जोड्यांची ओळ आम्हाला सर्वांत खात्रीची वाटते.

त्या चार बारांमुळे आणखी एक जुना आरोप निकाली निघतो. एफमध्ये रिकॅपिच्युलेशन सुरू करणे ही आळशी युक्ती आहे, असे पुष्कळदा शिकवले जाते. त्यामागचा तर्क असा: एक्स्पोझिशनमध्ये सूर सीवरून पंचमाला, म्हणजे जीला गेला. आता एफवरून सुरू करून तेच सगळे जसेच्या तसे पट्टी बदलून वाजवले तर एफचा पंचम सीच येतो. संगीतकाराला पूल नव्याने लिहायची गरज उरत नाही. हिशेब बरोबर आहे, आणि ही रचना त्याला चालणारीही होती. बाराव्या बारमध्ये पूल जीच्या कॉर्डवर अधांतरी थांबतो आणि लगेच दुसरी धून जीमध्येच सुरू होते. तोच पूल एफच्या पट्टीत सीवर थांबला असता आणि दुसरी धून सीमध्ये आली असती. पण मोझार्टने ही सवलत घेतली नाही. चार बार वाढवून त्याने पूल परत मूळ जीच्या कॉर्डवर आणला आणि ५७व्या बारमध्ये तिथेच थांबवला. आता त्याच जीनंतर सी येतो. एकाच दारातून पहिल्या वेळी जीमध्ये आणि दुसऱ्या वेळी सीमध्ये प्रवेश होतो, हे वर्गात बारावा आणि सत्तावन्नावा बार लागोपाठ वाजवून दाखवण्यासारखे आहे. आळशी माणसाने हे कशाला केले असते?

जाता जाता हार्मोनियमवाल्या विद्यार्थ्यासाठी एक धोका. ४२व्या बारपासून बी फ्लॅट येतो. सी हाच सा धरून बसलेला कान त्याला कोमल निषाद समजतो आणि त्याच्या लेखी खमाज थाट होतो. मग तो विद्यार्थी पहिली धून ‘घरीच, पण थोड्या वेगळ्या रंगात’ परतली असे लिहून मोकळा होतो आणि घर वेगळे आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. त्याने केलेली ४२ ची खूण बरोबर असते, पण तिच्यामागचे कारण चुकीचे असते. असे उत्तर आम्ही ५९ लिहिणाऱ्याच्या उत्तरापेक्षा खालचे मानतो, कारण ५९ लिहिणाऱ्याला निदान घर ऐकू आलेले असते.

केवळ धुनेवर विसंबणे आणखी कुठे गोत्यात आणते, याची दोन उदाहरणे पुढच्या वर्गांसाठी हाताशी ठेवावीत. हायडनच्या १०४व्या सिंफनीच्या पहिल्या भागात दुसऱ्या धुनेच्या जागी पहिलीच धून ए मेजरमध्ये येते. धून शोधणारा तिथे एक्स्पोझिशनच्या मध्येच रिकॅपिच्युलेशनची खूण करून बसतो. मोझार्टच्या डी मेजर सोनाटात, के. ३११ मध्ये, उलट आहे: घरी परतताना दुसरी धून आधी येते आणि पहिली जवळजवळ शेवटी. तिथे दोन ओळींतल्या जोड्या सरळ उतरत नाहीत, एकमेकींना ओलांडतात. तरी त्या आखायला हव्यात, कारण रेघा नेमक्या कुठे ओलांडतात हेच त्या रचनेचे उत्तर आहे.

के. ५४५ च्या उत्तरात आम्ही पूर्ण गुण द्यायचे ठरवले आहे ते असे: रिकॅपिच्युलेशन ४२व्या बारपासून, एफ मेजरमध्ये, पुलात चार बारांची भर, ५९व्या बारमध्ये सी मेजर. यातला ‘एफ मेजरमध्ये’ हा तुकडा गाळला तर अर्धे गुण. आणि ज्याने ५९ लिहून ‘मूळ घर इथे येते’ असे कारण दिले आहे, त्याला परत पाठवून पेपरच्या मागे त्या दोन ओळी आखायला सांगावे, मग गुण द्यावेत.