एकच करमणूक, दोन बिलं

शेगावच्या एका भगिनीचा मागच्या महिन्यात फोन आला. म्हणाल्या, "भाई, घरात एकच व्हिडिओ ॲप आहे. तरी शोहरच्या मोबाईल बिलात त्याचे पैसे लागतात आणि माझ्या खात्यातूनही जातात. काय प्रकार आहे?" त्यांना ही गोष्ट कळायला दहा महिने लागले होते. उशीर का झाला, ते आधी सांगतो, कारण बऱ्याच घरांत हेच घडतं.

दोन्ही रकमा सारख्या नव्हत्या. शोहरचा नंबर पोस्टपेड. कंपनीची ऑफर आली तेव्हा त्यांनी ॲपची सेवा नंबरावर जोडून घेतली, दरमहा १४९ रुपयांना. बिलात त्यावर १८ टक्के जीएसटी लागून १७५ रुपये ८२ पैसे होत. इकडे मुलाने पुण्याला शिकायला जाण्यापूर्वी अम्मीच्या मोबाईलवरून प्ले स्टोअरमार्फत तीच सेवा घेतली होती. तिथल्या १४९ रुपयांत कर धरलेला होता. १७५ आणि १४९ या आकड्यांवरून दोघांना वाटलं, ह्या वेगळ्या गोष्टी असतील.

आणि दोन्ही वापरातही होत्या! मोबाईलवरचं ॲप शोहरच्या नंबराने उघडलेलं, टीव्हीवरचं मुलाच्या ईमेलने. ॲपवाल्यांच्या हिशेबात ही दोन माणसं. मोबाईल कंपनी नंबर ओळखते, प्ले स्टोअर गूगल खातं ओळखतं. एकाला दुसऱ्याची खबर नसते.

मी त्यांना प्ले स्टोअर उघडायला सांगितलं. वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवायचं, मग Payments & subscriptions आणि त्यात Subscriptions. तिथे काहीच नव्हतं. इथेच बरेच लोक थांबतात आणि बँकेला दोष देतात. खरं तर प्ले स्टोअर फक्त निवडलेल्या गूगल खात्याची यादी दाखवतं, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये दोन खाती होती, त्यांचं आणि मुलाचं. त्याच चित्रावरून मुलाचं खातं निवडल्यावर सेवा दिसली, पुढची वसुली ९ तारखेला. कोणत्या खात्यावर आहे हे आठवत नसेल तर घरातल्या प्रत्येक जीमेलमध्ये गूगल प्लेची पावती शोधा. त्यावरचा ऑर्डर नंबर GPA ने सुरू होतो.

आता कोणती ठेवायची? घाईने बटण दाबू नका. प्ले स्टोअरवालं बंद केलं की टीव्ही बंद पडणार होता. म्हणून आधी टीव्हीवर मुलाच्या खात्यातून बाहेर पडून शोहरच्या नंबराने ओटीपी टाकून आत गेलो. चित्र सुरू झालं. मोबाईलवर आणि टीव्हीवर एकाच वेळी लावून पाहिलं, कारण एका वेळी किती पडद्यांवर चालेल याला मर्यादा असते. दोन्ही चाललं. मगच ६ तारखेला Cancel subscription दाबलं. बंद केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा चालते, त्यामुळे "अजून चालू आहे, म्हणजे रद्द झालंच नाही" असं समजू नये.

तुम्ही म्हणाल, कर धरून स्वस्त असलेलं प्ले स्टोअरवालं का नाही ठेवलं? मीही तेच सुचवलं होतं. पण ते मुलाच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्याकडे. महिन्याला सत्तावीस रुपये जास्त गेले तरी हिशेब घरातल्या बिलावर दिसावा, असं त्या म्हणाल्या. मला पटलं. तुमच्या प्लॅनमध्येच सेवा फुकट मिळत असेल तर मात्र विचारच नको, स्टोअरवाली बंद करा. फक्त प्लॅन बदलताना ती पुढच्यात आहे का ते पाहा.

मोबाईलमधून ॲप काढून टाकल्याने वसुली थांबत नाही. यूपीआयमधला ऑटोपे नुसता रद्द केल्यानेही काम अर्धवटच राहतं. पैसे जात नाहीत, पण स्टोअरच्या यादीत सेवा राहते आणि पैसे भरण्याचे निरोप येत राहतात. आधी स्टोअरमध्ये रद्द, मग यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत तपासणी, हा क्रम ठेवा. ऑटोपेची रक्कम जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. या भगिनींनाही दरमहा येत होती, पण जाहिरातींच्या मेसेजांत ती हरवून जायची.

प्रीपेडवाल्यांच्या बॅलन्समधून पैसे कापले जात असतील तर 155223 वर STOP असा मेसेज पाठवा. नंबरावर चालू असलेल्या सेवा कळतात आणि नको ती बंद करता येते.

गेलेल्या पैशांचं काय, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. प्ले स्टोअरवर पैसे कापल्यापासून ४८ तासांत परतावा मागितला तर मिळण्याची शक्यता असते. त्यानंतर ॲप बनवणाऱ्या कंपनीलाच विचारावं लागतं. दोन्ही सेवा वापरल्या गेल्याने इथे फारशी आशा नव्हती, तरी त्यांनी कंपनीला लिहिलं आहे. ९ तारखेला पैसे गेले नाहीत, एवढं त्यांनी फोन करून कळवलं.