पीएफ कापतो म्हणाला होता

निपाणीत विडी वळणाऱ्या बाईकडे कामगार म्हणून ओळखपत्र असू शकते. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा तिच्या नावाने झालेले आहेत. ते कागदावरून उतरून तिच्यापर्यंत यायला भांडावे लागले. १९८० च्या आगेमागे इथल्या तंबाखू वखारींतल्या बायका संघटित होऊन उभ्या राहिल्या, हे सीमाभागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वखारीच्या फाटकावर रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत बसणारा रखवालदार मात्र कुणाच्याच हिशेबात आला नाही. तो तंबाखूचा कामगार नाही, बांधकामावरचा नाही, शेतमजूरही नाही. तो ‘एजन्सीचा माणूस’ आहे.

नमुन्यादाखल असा एक रखवालदार घेऊ. बेळगाव-निपाणी रस्त्यालगतच्या कुठल्याही गावातला, जन्म १९७९ चा. बरीच वर्षे एकाच एजन्सीत, वखारी बदलत गेल्या तेवढेच. पगार चौदा हजार ठरलेला, हातात येतो साडेबारा हजारांच्या आसपास. वरचे कुठे जातात विचारले की सुपरवायझर सांगतो, ‘पीएफ कापतो.’ पावती नाही, पगारपत्रक नाही. पण पीएफ कापतो म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. एका अर्थी आपण नोकरदार झालो असे त्याला वाटते.

मुलगा त्याला एक दिवस सेवा केंद्रात नेतो, ई-श्रमचे कार्ड काढायला. तिथला पोरगा पहिल्या दोन-चार प्रश्नांतच विचारतो, “मामा, पीएफ आहे काय तुमचा?”

“हाय की. एजन्सीवाले कापत्यात.”

“मग ई-श्रम हुईत न्हाई.”

पोरगा बरोबर बोलला. ई-श्रम हे २०२१ पासूनचे असंघटित कामगारांचे पोर्टल आहे. वय १६ ते ५९ पाहिजे, आणि पीएफ किंवा ईएसआयचा सभासद असलेल्याला तिथे नोंदता येत नाही. खात्री करावी म्हणून तो पीएफच्या संकेतस्थळावर ‘Know your UAN’ उघडतो. मोबाइलवर ओटीपी, मग नाव, जन्मतारीख, आधार. नोंद सापडत नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये, कारण सीमाभागात नोंद न सापडण्याची आणखी एक घरगुती कारणपरंपरा आहे. शाळा मराठी, दाखल्यावर गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख. आधार कन्नड आणि इंग्रजीत, त्यावर कदाचित वेगळीच तारीख. आडनाव चौगुले असेल तर ते इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले. खाते असूनही नाव जुळत नाही म्हणून पडदा कोरा दिसू शकतो. म्हणून दाखल्यावरची तारीख आणि नावाचे दुसरे स्पेलिंग घालून पुन्हा बघायचे, जुना मोबाइल क्रमांक आठवायचा, आणि एजन्सीला सरळ विचारायचे, ‘माझा बारा आकडी यूएएन लिहून द्या.’ ज्याने खरोखर पैसे भरले आहेत त्याला हा आकडा द्यायला पाच मिनिटे पुरतात. ‘साहेब आल्यावर बघू’ हे उत्तर दुसऱ्यांदा आले की समजावे, खाते नाही.

आमच्या रखवालदाराचे खाते नव्हते. पैसे कापले जात होते, पण भरले कुठेच जात नव्हते. तरी कापलेल्या पैशांपेक्षा मोठे नुकसान दुसरेच आहे. अटल पेन्शन योजना २०१५ ला आली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. असंघटित कामगारांसाठीची श्रमयोगी मानधन योजना २०१९ ला आली तेव्हा तो चाळिशीच्या उंबऱ्यावर होता. दोन्हींत शिरण्याची वयोमर्यादा चाळीस. मानधन योजनेत चाळिशीतल्या माणसाने महिन्याला दोनशे रुपये भरायचे, तेवढेच सरकारने घालायचे आणि साठीनंतर महिना तीन हजार मिळायचे. त्या वेळी गावात कुणी फॉर्म घेऊन आलेही असेल. ‘आपला पीएफ आहे’ म्हणून याने हात हलवून त्याला पुढे पाठवले असेल. त्या खोट्या वाक्याने त्याचे महिन्याला दीड-दोन हजार नेले, आणि सोबत दोन दारे कायमची लावून टाकली.

या भागाची एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लढवतो, ज्यांच्यासाठी २०२३ मध्ये त्याने आपली आरोग्य योजना सीमेपलीकडे नेण्याचे ठरवले आणि त्यावर कर्नाटकाने संताप व्यक्त केला, त्याच मुलखातला हा माणूस. दोन राज्यांना तो आपला वाटतो. नोंदवहीत मात्र तो कुणाचाच नाही. कोगनोळी नाका ओलांडला की महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा वेगळा कायदा आणि मंडळे आहेत. तिथेही सवलत मिळवून एजन्सीला मंडळाबाहेर राहता येते, तेव्हा नाक्यापलीकडे सगळे आलबेल आहे असे कुणी समजू नये.

आता सुरुवात कुठून? वय बघून. सत्तेचाळिशीच्या आसपासच्या माणसाला काय उरले आहे, ते आधी मोजायचे. बँकेत खाते असेल तर वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा सत्तर वर्षांपर्यंत चालतो. अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. महामार्गाकडेला रात्रभर बसणाऱ्या आणि पहाटे सायकलने घरी जाणाऱ्या माणसाला तो हवाच. दुसरा, ४३६ रुपयांचा जीवन विमा. त्यात पन्नास वर्षांपर्यंतच शिरता येते आणि संरक्षण पंचावन्नपर्यंत मिळते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे खात्यातून आपोआप जातात आणि घोळ नेमका इथेच होतो. पगार रोख मिळतो, खात्यात शंभर रुपयेही नसतात, मेअखेरीस वजावट होत नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. घरच्यांना हे कळते ते माणूस गेल्यावर. म्हणून मे महिन्यात खात्यात पाचशे रुपये ठेवायचे आणि जूनमध्ये पासबुक भरून दोन्ही नोंदी डोळ्यांनी बघायच्या.

ई-श्रमही करून घ्यावे, या वेळी ‘पीएफ नाही’ असे खरे उत्तर देऊन. मात्र ती नोंद आहे, तिच्यातून पैसे आपोआप येत नाहीत. कार्ड लॅमिनेट करून देणारे पैसे येतात असे सांगतात, ते ऐकू नये.

खरे काम पीएफचे आहे, आणि तिथे पहिला प्रश्न असा की मालक कोण? वखारीच्या शेठजींनी चार माणसांसोबत थेट ठेवलेला रखवालदार असेल तर पीएफचा कायदा बहुधा लागणार नाही. त्याला वीस माणसे लागतात. ईएसआयला दहा. पण पगार एजन्सी देत असेल, तर तिची सगळ्या वखारींवरची, पंपांवरची, अपार्टमेंटवरची माणसे एकत्र मोजायची. एका फाटकावर दोनच दिसतात म्हणून एजन्सी लहान ठरत नाही. आमच्या रखवालदाराने ही मोजणी स्वतः केली, तर पाळी बदलताना भेटणाऱ्या सोबत्यांकडून आठवड्यात यादी होते. सोबत पुरावा जमवायचा: हजेरीच्या वहीतल्या आपल्या सहीचे फोटो, ड्यूटीचा कागद, बिल्ला, कधी फोनवर पगार आला असेल तर तो संदेश.

तक्रार epfigms.gov.in वर करता येते. तोंडी बोलायचे तर पीएफ कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरवते, तिथे जायचे. एकट्याने गेले तर दुसऱ्या दिवशी ड्यूटी जाते, ही भीती खोटी नाही. चार-पाच जणांनी मिळून सही करावी. आणि अर्जात एजन्सीबरोबर वखारीच्या मालकाचेही नाव घालावे, कारण कंत्राटदाराने न भरलेल्या पीएफची जबाबदारी मूळ मालकावर येते.

हिशेब असा. चौदा हजारांवर बारा टक्के म्हणजे १,६८० रुपये त्याच्या पगारातून, तेवढेच मालकाने स्वतःच्या खिशातून. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,१६६ रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात. काही एजन्सी दोन्ही वाटे रखवालदाराच्याच पगारातून कापतात. हे बेकायदा आहे, आणि कपात ३,३६० च्या घरात गेली की ते ओळखू येते. मागच्या वर्षांचे काय? २०२५ च्या नोव्हेंबरपासून २०२६ च्या एप्रिलअखेर सरकारने मालकांना सुटलेली नावे थोडक्या दंडात लावण्याची संधी दिली होती. ती मालकाने स्वतःहून घ्यायची होती, रखवालदाराच्या हाती त्यात काही नव्हते. आणि आता लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पाच वर्षांपेक्षा जुन्या थकबाकीची चौकशी सुरू करता येत नाही. दर महिन्याच्या उशिराने मागचा एक महिना हातचा जातो.

पुढचे मात्र अजून हातात आहे. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि त्या खात्यातली सभासदी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते. १ जून १९७९ ची तारीख धरली, तर त्याचे अठ्ठावन्न २०३७ च्या जूनला भरतात. चौदा हजार पगार, दहा वर्षे नोकरी, भागिले सत्तर: पेन्शन येते महिना दोन हजार.

वखारवाल्यांना, सोसायटीच्या चेअरमनांना, शाळा-दवाखान्यांच्या विश्वस्तांना एवढीच विनंती. एजन्सीचे पुढचे बिल देण्याआधी मागच्या महिन्याच्या पीएफ चलनाची नाववार यादी मागा, आणि फाटकावरच्या माणसाचे नाव तीत आहे का ते बघा. नसेल तर बिल थांबवा. १९७९ च्या जूनमध्ये जन्मलेल्या रखवालदाराचे नाव १ जून २०२७ च्या आत लागले पाहिजे.