डबी खिडकीत दिली, पुढे तिचं काय झालं?

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीतली ताई. चार घरी धुणीभांडी करते. तीन आठवडे खोकला आणि संध्याकाळ झाली की अंगात कणकण. आम्ही तिला पालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी तपासून बेडक्याची डबी द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने डबी भरून खिडकीत दिली. "रिपोर्ट आला की फोन करू," असं उत्तर मिळालं. फोन काही आला नाही. फोन नाही म्हणजे काही निघालं नाही, असं समजून ती कामाला लागली. एकोणीस दिवसांनी भेटली तेव्हा तिला दोन जिने चढवत नव्हते. घरात एकच खोली आणि शेजारी झोपणारी दोन लेकरं.

वस्तीतल्या बायका चिडल्या आणि सगळा राग खिडकीतल्या नर्सवर निघाला. आम्हीही अशा खिडकीत बसून बोलणी खाल्लेली आहेत. म्हणून म्हटलं, भांडायला जरूर जाऊ, पण आधी डबीचा माग काढू.

माग काढायची एक सोपी रीत आहे. तिला सर्व्हिस ब्लूप्रिंट म्हणतात, आपण सेवेचा नकाशा म्हणू. अमेरिकेत बँकेत काम करणाऱ्या लिन शोस्टॅक या बाईंनी 1984 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या मासिकात ती मांडली. उदाहरण दिलं होतं कोपऱ्यावर बूट पॉलिश करणाऱ्याचं. पॉलिश करताना काय काय होतं, किती वेळ लागतो आणि चुकतं कुठे, म्हणजे चुकीच्या रंगाचं पॉलिश लागलं तर काय, हे सगळं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दवाखान्यालाही हीच रीत लागू पडते.

विहाराच्या हॉलमध्ये आम्ही एक मोठा चार्ट पेपर अंथरला आणि त्यावर चार आडवे पट्टे आखले. सगळ्यात वर पेशंट काय करतो ते. त्याखाली पेशंटच्या समोर असलेली माणसं, म्हणजे केसपेपरची खिडकी, डॉक्टर, नर्स. तिसऱ्या पट्ट्यात पडद्यामागची कामं, म्हणजे डबीवर नाव घालणं, रजिस्टर, डबी पोचवणं, तपासणी. सगळ्यात खाली ज्याच्या आधारावर हे चालतं ते, म्हणजे गाडी, फ्रिज, मशीन, इंटरनेट, औषधांचा साठा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मधली रेघ आम्ही लाल पेनाने काढली. पेशंटला या रेघेच्या वरचंच दिसतं. त्यामुळे खालच्या कामात काही अडलं तरी शिव्या वरच्या माणसाला बसतात.

मग ताईला समोर बसवून आणि केंद्रात जाऊन तिथल्या लोकांना विचारून एकेक चौकोन भरला.

सोमवारी डॉक्टरांनी नीट तपासलं, नर्स नीट बोलली. डबी हातात दिली, पण ती कशी भरायची हे कोणी सांगितलं नाही. ही पहिली चूक, आणि ती लाल रेघेच्या वरची.

मंगळवारी ताई दोन घरची कामं उरकून साडेअकराला केंद्रात पोचली. मशीन प्रत्येक केंद्रात नसतं. या केंद्रातून डब्या मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या लॅबकडे जायच्या. हे ताईला कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासाने गाडी चुकली आणि डबी तीन दिवस फ्रिजमध्ये राहिली. फ्रिजमध्ये नमुना टिकतो, पण दिवस वाया जातात.

शुक्रवारी लॅबने झाकण उघडलं तर आत नुसती थुंकी. नमुना परत मागवा, असा निरोप केंद्राला आला. तिथून केसपेपरवरच्या नंबरला फोन लावला. तो मुलाचा जुना नंबर, बंद पडलेला. रजिस्टरमध्ये 'फोन बंद' अशी नोंद झाली.

त्यापुढचा चौकोन आम्हाला भरताच आला नाही. फोन लागला नाही तर घरी कोणी जायचं? आशाताईंना कोणी कळवायचं? किती दिवसांत? केंद्रात ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. हे काम कोणाच्या वाट्याला दिलेलंच नव्हतं. ताईचे दिवस त्या रिकाम्या चौकोनात गेले. जनुकीय तपासणीच्या मशीनला, म्हणजे सीबीनॅटला, एका नमुन्यासाठी साधारण दोन तास लागतात.

आमचं म्हणणं इथेच आहे. 'कर्मचारी उद्धट आहेत' अशा तक्रारीने फार तर एका बाईची बदली होते, रिकामा चौकोन तसाच राहतो. 'फोन लागला नाही तर पुढचं काम कोणाचं?' असं लेखी विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. आम्ही तो चार्ट घेऊन केंद्राच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनाही तो सगळा प्रवास एका कागदावर पहिल्यांदाच दिसला. तीन गोष्टी ठरल्या. केसपेपरवर दोन नंबर घ्यायचे, एक शेजाऱ्याचा. डबीसोबत चिठ्ठी द्यायची, तिच्यावर गाडीची वेळ आणि रिपोर्टची तारीख. दोनदा फोन लागला नाही की नाव त्याच दिवशी वस्तीच्या आशाताईंकडे. यातल्या एकाही गोष्टीला मंजुरी आणि टेंडर लागलं नाही.

नकाशाला मर्यादाही आहेत. रिकामी पदं तो भरत नाही. काडतुसं संपल्याने मशीन बंद असेल तर तो चौकोन दिसेल, पण काडतुसं वरूनच यावी लागतील, त्यासाठी महापालिकेशीच भांडावं लागेल. ऑफिसात बसून काढलेला नकाशा तर खोटाच निघतो, कारण त्यात गाडी नेहमी वेळेवर निघते. एका नकाशात एकच भेट मावते. बाळंतपणाच्या तपासणीचा वेगळा, बीपीच्या गोळ्यांचा वेगळा काढावा लागतो.

ठाण्यात असा की डोंबिवलीत, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात बेडक्याची तपासणी फुकट होते. डबी भरताना आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोरात खोकून काढा. घट्ट, पिवळसर आला तर तो बेडका. पातळ, पांढऱ्या फेसाची ती थुंकी, ती चालत नाही. अर्धा ते एक चमचा पुरतो. डबी देताना खिडकीत तीन प्रश्न विचारा. ही आज जाणार का? रिपोर्ट कोणत्या तारखेला? आणि त्या तारखेला फोन नाही आला तर मी कोणाला भेटू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या नावाने आलं पाहिजे. 'बघू' असं आलं तर समजा, तुमच्या केंद्रातही तो चौकोन रिकामा आहे.

ताईचा दुसरा नमुना बरोबर निघाला. तपासणीत टीबी सापडला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू आहेत, लेकरांचीही तपासणी झाली. तो चार्ट अजून विहाराच्या भिंतीवर आहे. पुढचा आम्ही बीपीच्या गोळ्यांचा काढणार आहोत, कारण 'गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या' हे उत्तरसुद्धा लाल रेघेच्या खालूनच येतं.