मेल अडकला, तर आधी मधला पहारेकरी तपासा

तारापूर एमआयडीसीतल्या लहान युनिटच्या डिस्पॅच टेबलावरचं एक उदाहरण घेऊ. गाडी भरून उभी आहे. इनव्हॉइस, सीओए आणि सेफ्टी डेटा शीट अशी स्कॅन केलेली ९ एमबीची पीडीएफ गिऱ्हाइकाला मेल करायची आहे. आउटलुकमध्ये Send दाबलं की पट्टी क्षणात शेवटपर्यंत धावते आणि तिथेच थांबते. मिनिटभराने एरर येते:

```
0x8004210B
The operation timed out waiting for a response from the sending (SMTP) server.
```

मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो. थोड्या वेळाने आउटलुक तो स्वतःच पुन्हा पाठवायला जातं, पुन्हा तीच एरर. आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, एकच बिल तीनदा का पाठवलंत?"

मेल गेला नाही असं आपलं मशीन म्हणतं आणि समोरच्याकडे मात्र तीन प्रती पोचतात. ही विसंगती लक्षात ठेवा. असं दिसलं की इंटरनेटवाल्याला शिव्या घालण्याआधी आणि विंडोज नव्याने टाकून घेण्याआधी अँटिव्हायरसकडे पाहा. बोईसर-पालघरच्या कारखान्यांत, सीएंच्या आणि वकिलांच्या ऑफिसात आजही आउटलुक किंवा थंडरबर्डवर कामं चालतात. तिथल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की या दुखण्याचं मूळ समजून घ्या. त्यावरचा उपाय फुकट आहे आणि तुमच्या हातात आहे.

अनेक अँटिव्हायरसमध्ये मेल तपासणारा एक वेगळा भाग असतो. कुठे त्याला Email Protection म्हणतात, कुठे Mail Shield, कुठे Email Security. तो तुमचं आउटलुक आणि मेल सर्व्हर यांच्या मधे बसतो. आउटलुकला वाटतं आपण सर्व्हरशी बोलतोय, प्रत्यक्षात ते आपल्याच मशीनमधल्या या मधल्या पहारेकऱ्याशी बोलत असतं. पहारेकरी आख्खा मेल स्वतःकडे घेतो, जोडलेली फाइल उघडून तपासतो आणि मग पुढे सर्व्हरकडे पाठवतो.

आता वरचा हिशेब मांडू. मेलमधून जाताना जोडलेली फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, कारण तिचं रूपांतर साध्या अक्षरांत करावं लागतं. ९ एमबीची पीडीएफ १२ एमबी होते, म्हणजे ९६ मेगाबिट. समजा लाइट गेल्यामुळे ऑफिस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे आणि अपलोडचा वेग १ एमबीपीएस मिळतोय. मेल वर चढायलाच ९६ सेकंद लागणार, तपासणीचा वेळ वेगळा. पहारेकरी मधे नसता तर आउटलुकने स्वतः हळूहळू मेल चढवला असता, पट्टी हळूहळू सरकली असती आणि जोडणी चालू आहे हे त्याला कळत राहिलं असतं. पहारेकरी मधे असला की मेल त्याच्या हाती क्षणात जातो, पट्टी भरते आणि त्यानंतर आउटलुकला फक्त शांतता ऐकू येते. आउटलुक मुळात एकच मिनिट थांबतं, थंडरबर्ड १०० सेकंद. तेवढ्यात "मिळाला" असं उत्तर आलं नाही की दोघंही हार मानतात. मात्र पहारेकऱ्याने मेल आधीच हाती घेतलेला असतो आणि तो पुढे पोचवून मोकळा होऊ शकतो. गिऱ्हाइकाकडे तीन प्रती जातात त्या अशा.

म्हणून पट्टीकडे नीट पाहा. हळूहळू सरकत मधेच अडकली तर लाइन कमजोर असण्याची शक्यता जास्त. झटकन भरून शेवटी थिजली तर संशय मधल्यावर घ्या.

येणाऱ्या मेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बहुधा सर्टिफिकेटची चौकट समोर येते. मेल सर्व्हरशी जोडणी आज कूटबद्ध असते: आयमॅपसाठी पोर्ट 993, पॉपसाठी 995, पाठवण्यासाठी 465 किंवा 587. कूटबद्ध मजकूर वाचायचा तर पहारेकऱ्याला सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या जागी स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट पुढे करावं लागतं. ते खरं मानलं जावं म्हणून अँटिव्हायरस विंडोजच्या विश्वासू यादीत आपलं नाव नोंदवून ठेवतो. आउटलुक ती यादी मानतं, म्हणून गप्प बसतं. थंडरबर्डची यादी मात्र स्वतःची, वेगळी आहे. तिथे नोंद पोचली नसेल तर थंडरबर्ड हटकतं. एकाच मशीनवर आउटलुक चालतं आणि थंडरबर्ड अडतं याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

चौकट आली की लोक घाईने Confirm Security Exception किंवा Yes दाबून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. आधी View किंवा View Certificate दाबा आणि Issued by किंवा Issuer Name या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. जीमेल असेल तर Issuer च्या तपशिलात Google Trust Services दिसायला हवं. तिथे तुमच्याच अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर चोर सापडला. सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाने काढलेलं असेल आणि तक्रार पत्ता जुळत नसल्याची असेल, तर अँटिव्हायरस निर्दोष आहे. आउटलुकमध्ये अशा वेळी The target principal name is incorrect असं लिहून येतं. तुमच्या डोमेनच्या नावाऐवजी होस्टिंगवाल्याने दिलेलं सर्व्हरचं नाव सेटिंगमध्ये घालायचं आहे, ते त्याच्याकडून मागून घ्या. आणि देणाऱ्याचं नाव तुमच्या अँटिव्हायरसचंही नाही, मेल कंपनीचंही नाही, सर्टिफिकेट देणाऱ्या नामांकित संस्थेचंही नाही, असं काही अनोळखी असेल, तर पासवर्ड टाकू नका, ते नेटवर्क सोडा आणि जाणत्या माणसाला दाखवा. कोणीतरी खरोखरच मधे बसलेलं असू शकतं.

आता उपाय. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका, काढूनही टाकू नका. सेटिंगमध्ये जाऊन फक्त मेल तपासण्याचं बटण बंद करा. पुण्याच्या क्विक हीलमध्ये, तसंच कॅस्परस्की, ईसेट यांसारख्या इतर अँटिव्हायरसमध्ये मेलची तपासणी वेगळी बंद करता येते. मशीन पुन्हा सुरू करा आणि तीच ९ एमबीची फाइल स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहा.

"मग व्हायरस आला तर?" ही भीती रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. मेलमध्ये जोडलेली फाइल तुम्ही उघडता किंवा सेव्ह करता तेव्हा ती डिस्कवर उतरते, आणि डिस्कवर उतरणारी प्रत्येक फाइल अँटिव्हायरसचा मुख्य पहारा तपासतोच. त्याला Real-time Protection म्हणतात आणि तो कायम चालूच राहिला पाहिजे. जीमेलसारख्या सेवा जोडलेल्या फाइल सर्व्हरवरही तपासतात. मधला पहारा या दोन्हींच्या वरचा तिसरा आहे. तो काढला तर आपण फार कमी गमावतो, पण व्हायरसची फाइल आता न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहू शकते, हे खरं. ती उघडायच्या क्षणी मुख्य पहारा अडवेल, ही भिस्त आहे. ऑफिसचा अँटिव्हायरस कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात असेल तर मात्र स्वतः हात घालू नका. वरची लक्षणं त्यांना लिहून कळवा.

एका चुकीच्या उपायाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दुरुस्तीला आलेला माणूस कधी कधी मेलच्या सेटिंगमध्ये SSL/TLS च्या जागी None करतो, पोर्ट 110 आणि 25 घालतो, मेल धावू लागतात आणि तो पैसे घेऊन जातो. मेल धावतात ते पहारेकऱ्याची कूटबद्धतेशी झटापट थांबते म्हणून. पण त्या दिवसापासून तुमचा पासवर्ड आणि बिलं तारेवरून उघडी जाऊ लागतात. बँक खात्याचा नंबर बदललेली खोटी बिलं गिऱ्हाइकांना पाठवणारे लोक अशाच खात्यांच्या शोधात असतात. आज घरी जाण्याआधी अकाउंटच्या सेटिंगमध्ये ही एक ओळ पाहून घ्या. तिथे None असेल तर पुन्हा SSL/TLS करा, पोर्टही वर दिलेले घाला, आणि मग मेलचा पासवर्डही बदला.

दुसरा धोका थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी आहे, आणि तो मोठा आहे. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं. पाच वर्षांचा इनबॉक्स म्हणजे Inbox नावाची एकच फाइल. डिस्क तपासताना अँटिव्हायरसला त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला, तर तो अख्खी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो. सकाळी येऊन पाहावं तर इनबॉक्स रिकामा. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, पुन्हा उतरतील. पॉप असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल, तर ती फाइल हेच सर्वस्व. घाबरून क्वारंटाइन रिकामं करू नका. थंडरबर्ड बंद करा, अँटिव्हायरसच्या अपवादांच्या यादीत हा फोल्डर घाला आणि मगच फाइल जागेवर परत आणा:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

शेजारची Inbox.msf ही फक्त अनुक्रमणिका आहे. ती पुसली तर नवी तयार होते. मग संशयित मेल पुसा, Trash रिकामा करा आणि इनबॉक्सवर उजवं क्लिक करून Compact करा, कारण नुसतं पुसल्याने तो मेल फाइलमधून जात नाही. आउटलुकच्या .pst आणि .ost फाइलींचंही असंच आहे. चालू असताना त्या तपासायला घेतल्या तर आउटलुक जड होतं, म्हणून त्या अपवादांत ठेवाव्यात. यादीत एवढंच घाला, अख्खी C ड्राइव्ह नव्हे.

फायरवॉलबद्दल थोडक्यात. मेल प्रोग्रॅम अपडेट झाल्या दिवसापासून मेल पूर्ण बंद आणि ब्राउझर मात्र व्यवस्थित, असं असेल तर अँटिव्हायरससोबत आलेल्या फायरवॉलने नव्या आवृत्तीला अनोळखी ठरवलेलं असू शकतं. फायरवॉलच्या यादीतून मेल प्रोग्रॅमची जुनी नोंद काढा, प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा आणि विचारल्यावर परवानगी द्या.

मेल तपासणं बंद करूनही एरर तशीच राहिली, तर दोष दुसरीकडे आहे. ते बटण पुन्हा चालू करा, अपलोडचा वेग मोजा, आणि दुरुस्तीवाल्याला बोलावताना एररचा क्रमांक, पट्टी कुठे थांबते आणि सर्टिफिकेटवर कोणाचं नाव आहे, या तीन गोष्टी लिहून त्याच्या हातात द्या.