क्यूआर कोड एकदाच चालतो

उमऱ्याला निघालेल्या मंडळींना हल्ली जिद्दा विमानतळावर सिमच्या काउंटरसमोर ताटकळावे लागत नाही. सौदीसाठीचे ई-सिम घरबसल्या विकत घेता येते. ईमेलवर एक क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की काम झाले. निदान जाहिरातीत तरी एवढेच सांगतात. गेल्या वर्षी आमचे भाईजान आणि भाभी निघाले, तेव्हा हे काम होता होता तीन दिवस गेले.

सुरुवात मात्र आम्ही नीट केली. दोघांच्या फोनवर *#06# डायल करून पाहिले. फोन ई-सिम घेणारा असेल तर तिथे IMEI सोबत EID नावाचा बत्तीस आकडी क्रमांक दिसतो. भाईजानच्या फोनवर तो दिसला, भाभींच्या फोनवर नव्हता. म्हणून कोड एकच घेतला आणि भाभींनी भाईजानच्या हॉटस्पॉटवर भागवायचे ठरले.

कोड आला आमच्या पुतण्याच्या ईमेलवर. "चालतो का ते बघू तरी," म्हणत त्याने तो आधी स्वतःच्या फोनने स्कॅन केला. ई-सिम उतरले. खूश होऊन त्याने ते काढून टाकले आणि भाईजानच्या फोनवर तोच कोड धरला. फोनने सांगितले, हा कोड आता वैध नाही.

असे का होते? त्या चौकटीत सिम नसतेच. त्यात असते फक्त एक ओळ, साधारण अशी:

```
LPA:1$smdp.example.com$AB12-CD34
```

मधला भाग म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि शेवटचा भाग म्हणजे आपल्यासाठी राखून ठेवलेल्या सिमची चावी. फोन त्या पत्त्यावर जातो, चावी दाखवतो आणि सिमची माहिती आपल्या आतल्या चिपमध्ये उतरवून घेतो. सर्व्हर ती माहिती बहुधा एकदाच देतो आणि "दिली" अशी नोंद करतो. फोनमधून सिम पुसले म्हणून तिकडची नोंद पुसली जात नाही. ती मोकळी करणे किंवा नवा कोड देणे कंपनीच्याच हातात असते. आमच्या विक्रेत्याने चार ईमेलनंतर नवा कोड दिला. सफर आठवड्यावर होती म्हणून निभावले. आदल्या रात्री हे घडले असते तर काय, या विचाराने भाभी आजही पुतण्याकडे डोळे वटारून बघतात.

नवा कोड थेट भाईजानच्या ईमेलवर मागवला, तर वेगळाच पेच. कोड त्याच फोनच्या पडद्यावर, मग त्याच फोनने स्कॅन कसा करायचा? सोपा उपाय म्हणजे तो दुसऱ्या फोनवर उघडून समोर धरायचा किंवा कागदावर छापून घ्यायचा. तेही जमले नाही तर स्कॅनच्या पडद्यावर कोड हाताने भरण्याची सोय असते. ईमेलमध्ये वरची ओळ लिहून दिलेली असेल तर ती कॉपी करून टाकावी. हाताने लिहिताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत हमखास होते. हे सारे घरच्या वायफायवर उरकावे, कारण सिम उतरवायलाच इंटरनेट लागते. मात्र पॅकची मुदत कधीपासून मोजतात ते आधी वाचावे. काही पॅकची मुदत सिम उतरवल्यापासून सुरू होते, काहींची तिकडच्या नेटवर्कला जोडल्यावर.

जिद्दाला उतरल्यावर भाईजानचा विमानतळाच्या वायफायवरून फोन आला. नेटवर्कच्या काड्या पूर्ण, पण नेट नाही. ते सिम काढून पुन्हा टाकायच्या बेतात होते. आम्ही जवळजवळ ओरडूनच थांबवले, कारण काढले असते तर पुन्हा तोच "वैध नाही"चा पडदा. सेटिंगमध्ये पाहायला लावले, तर मोबाइल डेटासाठी अजून भारतातलेच सिम निवडलेले होते. नवे सिम निवडून त्याचे Data Roaming सुरू करायला सांगितले आणि मिनिटभरात नेट आले. सौदीत राहून सौदीच्या सिमला रोमिंग कशाला, असे त्यांनी विचारलेच. अशी प्रवासी ई-सिमे पुष्कळदा दुसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि सौदीचे नेटवर्क उसने घेतात. त्यामुळे फोनच्या लेखी ते रोमिंगच असते.

भारतातल्या सिमचे Data Roaming मात्र बंद ठेवायला लावले, नाहीतर बिल वाढते. ते सिम पूर्ण बंद केले नाही, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यासाठी प्रीपेड सिमवर परदेशी रोमिंगची सेवा निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावी लागते. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर चालू राहिले. नवा नंबर घ्यायचा का असे अॅपने विचारले, तेव्हा भाईजानांनी "नाही" दाबले. हरममधला पहिला फोटो त्याच रात्री आमच्याकडे पोहोचला.